सल्लागारांचं ४२ मिनिटांचं रेकॉर्डिंग: बाबांसाठी एका पानात धोके, खर्च आणि राहिलेले प्रश्न कसे मांडू?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. बाबा दोन महिन्यांपूर्वी हायस्कुलातून निवृत्त झाले, वय ६०. पेन्शन सुरू झाली आहे आणि सगळं मिळून २४ लाख हातात आहेत. गेल्या रविवारी बेळगावहून एक गुंतवणूक सल्लागार घरी आले होते. बाबांना हल्ली ऐकू कमी येतं, म्हणून मी विचारलं, रेकॉर्ड केलं तर चालेल का? ते म्हणाले, "करा की, त्यात काय." तर ४२ मिनिटांचं बोलणं माझ्या मोबाईलमध्ये आहे. मराठी, मध्ये मध्ये कन्नड, आकडे बरेचसे इंग्रजीत.

बाबा म्हणाले, मला ते सगळं परत ऐकवू नकोस, एका पानावर लिहून दे. धोका काय, खर्च काय आणि आपण अजून काय विचारायचं. दोन रात्री बसून मी लिहिलं ते असं:

> पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना, १० लाख. व्याज ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी २०,५००. धोका: नाही. खर्च: नाही.
>
> विमा कंपनीची हमी योजना. दरवर्षी १ लाख, १० वर्षं भरायचे. १५ वर्षांनी २० लाख, म्हणजे दुप्पट. धोका: नाही, हमी आहे. खर्च: नाही.
>
> हायब्रिड म्युच्युअल फंड, ८ लाख एकदम. त्यातून दरमहा ६,००० मिळतील, मुद्दल तसंच राहील. परतावा ८ ते ९ टक्के. धोका: बाजाराचा, थोडा. खर्च: विशेष नाही.
>
> उरलेले ६ लाख बँकेत. त्यातून विम्याचे हप्ते.
>
> राहिलेले प्रश्न: काही नाहीत.

हे वाचून बाबा म्हणाले, "मग अडचण काय आहे, सही करून टाकू." तेव्हा मलाच धस्स झालं. सगळीकडे "नाही, नाही" कसं काय आलं? मी लिहिताना कुठे चुकले ते सांगा. पुढच्या शनिवारी ते परत येणार आहेत.

सुळगा_पाटील

२४ लाखात सध्या बायपासच्या बाजूला गुंठा-दोन गुंठे मिळतात का बघा. जमीन कुठे पळून जात नाही. कागदं लिहित बसण्यापेक्षा ते बरं.

मलप्रभाकाठ

दादा, पैसे कुठे घालायचे हा प्रश्नच नाही हो. ते बाबा ठरवतील. त्यांनी जे ऐकलं ते त्यांच्यासमोर नीट कसं ठेवायचं, एवढंच विचारते आहे.

टिळकवाडी_निवृत्त

मी २२ वर्षं विमा कंपनीच्या शाखेत काम केलं. प्रस्तावाचे कागद तपासायचं काम होतं, त्यामुळे "एजंटने काय सांगितलं आणि माणसाने काय ऐकलं" यातला फरक रोज बघितला आहे. तुमचं टिपण प्रामाणिक आहे, पण आत्ता बाबांच्या हातात देऊ नका.

मोठी चूक एकच आहे. जे सल्लागार बोलले नाहीत, त्याच्यापुढे तुम्ही "नाही" लिहिलंत. "खर्च नाही" असं त्यांनी सांगितलं असेल तर ते त्यांचं विधान झालं, त्याला ते बांधील. खर्चाचा विषयच निघाला नसेल तर टिपणात "सांगितलं नाही" असं यायला हवं, आणि तीच ओळ खाली प्रश्नांत उतरायला हवी. तुमच्या टिपणात प्रश्न शून्य आहेत, याचं कारण हेच. प्रत्येक मोकळी जागा तुम्ही "नाही" लिहून बुजवली.

एक करा. खर्चाबद्दल ते जिथे बोलले तेवढाच तुकडा परत ऐका आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे, मिनिटासकट इथे लिहा. सुधारू नका, शुद्ध करू नका.

मलप्रभाकाठ

ऐकलं. खर्चाचा विषय पूर्ण ४२ मिनिटांत एकदाच आहे, १७ व्या मिनिटाला, फंडाबद्दल बोलताना. बाबांनी विचारलं, "तुमचं किती?" त्यावर:

"चार्ज काय विशेष नाही हो सर. तुमच्या खिशातून वेगळा एक रुपयाबी जात नाही. ते कंपनी बघून घेते. एंटूवरे, ओंबत्तु तर आरामात सुटतंय मागच्या पाच वर्षांचं बघितलं तर."

विम्याच्या वेळी खर्चाचा शब्दच नाही. पोस्टाच्या वेळीही नाही.

चिकोडी_सीमा

एक छोटी गोष्ट. एंटूवरे म्हणजे साडेआठ. तुम्ही टिपणात ८ ते ९ लिहिलंय. आमच्याकडे कन्नड-मराठी मिसळून बोलताना हे नेहमी होतं, "वरे" गळून पडतं. मराठीत दीड, अडीच, पावणेआठ यांचंही तसंच. ऐकलेला आकडा लिहिताना मी आधी अक्षरी लिहिते आणि मग अंकात. अंक चुकला तरी अक्षरावरून कळतं.

आणि अर्ध्या टक्क्यापेक्षा मला ते शेवटचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. "मागच्या पाच वर्षांचं बघितलं तर." तुमच्या टिपणात हे नाही. तिथे नुसतं "परतावा ८ ते ९ टक्के" आहे, जणू मिळणारच.

निपाणी_दादा

माझा मेहुणा म्युच्युअल फंडाचं काम करतो, त्यामुळे मला माहिती आहे. सल्लागार खोटं बोललेले नाहीत. गिऱ्हाईकाकडून वेगळे पैसे घेत नाहीत, कमिशन फंड कंपनी देते. तेव्हा खर्च "नाही" हेच बरोबर. उगाच माणसावर संशय नको.

टिळकवाडी_निवृत्त

दादा, अर्धं बरोबर आहे. वेगळा चेक लिहावा लागत नाही, हे खरं. पण कंपनी ते पैसे आणते कुठून? फंडातूनच. रोजची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, जाहीर होते ती खर्च वजा करूनच, त्यामुळे तो गुंतवणूकदाराला दिसत नाही. एकाच फंडाचे दोन प्रकार असतात, रेग्युलर आणि डायरेक्ट. पैसे त्याच ठिकाणी गुंतवले जातात, फक्त रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन धरलेलं असतं. दोघांचं खर्चाचं प्रमाण फंडाच्या संकेतस्थळावर शेजारी शेजारी दिसतं. समजा फरक ०.८ टक्के निघाला, तर ८ लाखांवर पहिल्याच वर्षी ६,४०० रुपये, आणि पैसे आहेत तोवर दरवर्षी. सेवा चांगली असेल तर ते देण्यात काहीच वावगं नाही. पण टिपणात "नाही" लिहिलं तर बाबांना हे देतोय हेच कळणार नाही.

मेहुण्याला विचारा, रेग्युलर प्रकारातल्या गुंतवणूकदाराला सहा महिन्यांनी एकत्रित स्टेटमेंट येतं, त्यात वितरकाला किती कमिशन गेलं ते रुपयांत छापलेलं असतं. म्हणजे लपवण्यासारखं काही नाही. विचारलं की सांगावं लागतं.

निपाणी_दादा

विचारलं. म्हणाला, येतं तसं स्टेटमेंट. पण त्याचं म्हणणं, साठीच्या माणसाने डायरेक्ट घेऊन स्वतः चुका करण्यापेक्षा रेग्युलर घेतलेलं बरं. ते मला अजूनही पटतं.

शहापूरचा_विणकर

मीबी वाचूलालोय तुमचं सगळं. माझं वेगळं हाय पण सांगतो. मागं आमच्या गल्लीतल्या एका सौहार्द सोसायटीत रोजची पिग्मी भरत होतो. पिग्मीवाला पोरगा म्हणायचा, "काका, बँकेसारखीच हाय." पुढं पैसे मिळायचे थांबले. मग कळलं, बँक बुडाली तर पाच लाखापर्यंत विमा असतोय, सोसायटीला तो नाही. तो पोरगा वाईट नव्हता. त्यालाबी तसंच सांगितलेलं. मी "सारखीच" एवढा शब्द धरून बसलो.

तुमचे ६ लाख "बँकेत" म्हणाले न्हवं, ती बँकच हाय का सोसायटी, तेवढं विचारून घ्या.

मलप्रभाकाठ

काका, वाईट वाटलं वाचून. परत ऐकलं. ३३ व्या मिनिटाला ते म्हणतात, "उरलेले तुमच्या त्या नेहमीच्या ठिकाणी ठेवा." बाबांचं नेहमीचं ठिकाण सोसायटीच आहे! "बँकेत" हा माझा शब्द. आणि खरीच बँक असली तरी विमा ५ लाखांपर्यंतच, पैसे ६ लाख. प्रश्नांत घातलं.

टिळकवाडी_निवृत्त

विणकर काकांनी नेमका मुद्दा सांगितला. आता विम्याकडे या. तिथे "हमी" शब्द आहे आणि त्या शब्दाने बाकीचे सगळे प्रश्न गप्प होतात.

तीन गोष्टी ऐकून सांगा. २० लाख हा आकडा ते तोंडी सांगतात की कागदावरून वाचतात? कुणाचं वय धरून? आणि मध्येच हप्ता थांबला तर काय, हे ते बोलले का?

दरम्यान "दुप्पट" या शब्दाचं वर्षाच्या टक्क्यांत काय होतं ते स्वतः काढा, अवघड नाही. स्प्रेडशीटमध्ये B2 ते B11 या दहा घरांत -100000 लिहा, B12 ते B16 मध्ये 0, आणि B17 मध्ये 2000000. मग:

```
=IRR(B2:B17)
```

उत्तर साधारण ६.६५ टक्के येईल. वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण पोस्टाच्या ८.२ शेजारी ६.६५ लिहिलं की तुलना होते, "८.२ टक्के" आणि "दुप्पट" यांची होत नाही. पोस्टाच्या व्याजावर बाबांच्या एकूण उत्पन्नाप्रमाणे कर बसेल, विम्याच्या रकमेवर अटी पाळल्या तर बसत नाही, तेही नोंदवा.

मलप्रभाकाठ

आज दुपारी ऑफिसात जेवायच्या सुट्टीत कानाला हेडफोन लावून तो भाग चार वेळा ऐकला. हात थरथरत होते खरं सांगते.

२५ व्या मिनिटाला कागदाचा आवाज येतो. मग ते म्हणतात, "हे बघा सर, समजा चाळीस वयाचा माणूस आहे, लाख रुपये भरतोय, तर त्याला वीस लाख गॅरंटी." नंतर पूर्ण वेळ "वीस लाख, वीस लाख" असंच चाललंय. चाळिशीचा उल्लेख परत नाही. त्या वेळी आई चहा घेऊन आली, कपबशीचा आवाज आहे, आणि मी स्वतः "साखर कमी" म्हणते आहे. म्हणून माझ्या कानावरून ते गेलं.

बाबा ६० चे आहेत. हप्ते ६९ व्या वर्षापर्यंत आणि पैसे ७५ व्या वर्षी.

हप्ता थांबला तर काय, हे ते बोललेले नाहीत. बाबांनीही विचारलं नाही.

टिळकवाडी_निवृत्त

शंका होती ती हीच. विम्यात जीवनछत्राचा खर्च वयाप्रमाणे वाढतो. त्यामुळे तेवढ्याच हप्त्याला साठीच्या माणसाला मिळणारी हमीची रक्कम चाळिशीतल्यापेक्षा कमी येते. किती कमी, ते त्या योजनेच्या तक्त्यावरच कळेल. तेव्हा ६.६५ हाही आकडा तुमच्या बाबांचा नाही, तो चाळीस वयाच्या माणसाचा. टिपणात तो तसाच लिहा.

त्यांना एकच मागा: बाबांच्या जन्मतारखेने काढलेलं लाभांचं छापील विवरण, ज्यावर वर्षागणिक हप्ता, हमीची रक्कम आणि पॉलिसी सोडली तर मिळणारी सरेंडर रक्कम असते. हे विवरण देणं हा नियमच आहे. पहिल्या तीन-चार वर्षांची सरेंडर रक्कम भरलेल्या पैशांपेक्षा किती खाली आहे ते त्यावर दिसेल. तोच या योजनेचा धोका आणि तोच तिचा खर्च, हमी असूनसुद्धा.

आणि सही झालीच, तर पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. थोडी वजावट होऊन पैसे येतात. हे त्यांनी सांगितलं असेल तर नोंदवा, नसेल तर "सांगितलं नाही".

चिकोडी_सीमा

हप्त्यांचा हिशेबही बघा ना. दहा वर्षांचे १० लाख, आणि बाजूला ठेवलेत ६ लाख.

मलप्रभाकाठ

हो, तेही आज लक्षात आलं. त्यांनी ३४ व्या मिनिटाला म्हटलंय, "पोस्टाचं व्याज येतंय की, त्यातनं जाईल." पोस्टाचं व्याज वर्षाला ८२,००० आणि हप्ता १ लाख. शिवाय बाबांना वाटतंय की ते व्याज घरखर्चाला. एकच रुपया दोन ठिकाणी मोजला गेलाय. आणि पोस्टाची मुदत पाच वर्षांची, पुढे तोच दर मिळेल का, हेही कुणी बोललं नाही. धाकट्या बहिणीचं लग्न दोनेक वर्षांत करायचं आहे, ते तर सल्लागारांना आम्ही सांगितलंच नव्हतं. ती चूक आमची.

निपाणी_दादा

लग्नाला पोस्टातले काढता येतील ना? मुदतीआधी मिळतात ते.

टिळकवाडी_निवृत्त

मिळतात, पण कापून. वर्षाच्या आत बंद केलं तर व्याज मिळत नाही, दिलेलंही वळतं करून घेतात. एक ते दोन वर्षांत दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का मुद्दलातून जातो. १० लाखांवर एक टक्का म्हणजे १०,०००. तेव्हा पहिल्या पर्यायात "धोका नाही" चालेल, सरकारी योजना आहे. "खर्च नाही" चालणार नाही.

फंडाबद्दल एकच सांगतो, बाकी तुम्ही कराल. "दरमहा ६,००० मिळतील, मुद्दल तसंच राहील" यात ६,००० हे व्याज नव्हे. तुमच्याच युनिट्स विकून ते पैसे येतात. वर्षाचे ७२,००० म्हणजे ८ लाखांवर ९ टक्के. फंडाने तेवढं कमावलं तरच मुद्दल टिकेल. पहिल्याच वर्षी फंड २० टक्के पडला तर ८ लाखांचे ६.४० लाख, त्यातून ७२,००० गेले की साधारण ५.७० लाख उरतात. पुढे तेच ६,००० काढत राहायचे तर फंडाला वर्षाला साडेबारा टक्क्यांहून जास्त कमवावं लागेल. "बाजाराचा, थोडा" या शब्दांत हे बसत नाही.

आणि वर्षाच्या आत युनिट्स विकल्या तर बऱ्याच फंडांत एक टक्क्यापर्यंत एक्झिट लोड कापला जातो, काहींत ठरावीक हिस्सा मोकळा असतो. पहिल्या महिन्यापासून ६,००० काढणार असाल तर तो लागेल का, हे त्या फंडाच्या कागदावर बघून विचारा.

मलप्रभाकाठ

नवं टिपण आज रात्री लिहिलं. सगळं टाकत नाही, फंडाचा भाग तेवढा:

> फंड, ८ लाख.
>
> त्यांनी सांगितलं: "एंटूवरे, ओंबत्तु (साडेआठ, नऊ) आरामात सुटतंय मागच्या पाच वर्षांचं बघितलं तर" (१७ मि.). दरमहा ६,०००, "मुद्दल हलत नाही" (२० मि.). हमी हा शब्द फंडाबद्दल वापरलेला नाही.
>
> धोका, त्यांच्या शब्दांत: "बाजार आहे, थोडं खालीवर" (१८ मि.). किती खाली, ते सांगितलं नाही. आमचा हिशेब: पहिल्या वर्षी २० टक्के पडला तर साधारण ५.७० लाख उरतील.
>
> खर्च, त्यांच्या शब्दांत: "विशेष नाही, कंपनी बघून घेते" (१७ मि.). रुपयांत सांगितलं नाही. एक्झिट लोड सांगितला नाही. कर सांगितला नाही.
>
> विचारायचं: रेग्युलर की डायरेक्ट? दोघांचं खर्चाचं प्रमाण किती? पहिल्या वर्षी ६,००० काढताना काय कापलं जाईल? फंड पडला तर ६,००० चालू ठेवायचे की थांबवायचे?

विम्याच्या भागात सगळ्यात वर लिहिलं: "२० लाख हा आकडा ४० वयासाठी सांगितला (२५ मि.). बाबांच्या वयाचा आकडा मिळालेला नाही."

बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "मुद्दल हलत नाही असं मीच ऐकलं होतं का, ते म्हणाले होते?" मी २० वं मिनिट लावून त्यांच्या कानाजवळ धरलं.

चिकोडी_सीमा

खूप छान झालंय. "आमचा हिशेब" वेगळा लिहिलात ते फार बरं केलंत, नाहीतर शनिवारी त्यांना वाटेल त्यांच्या तोंडी घातलंय. हे टिपण त्यांना आधी पाठवणार का?

निपाणी_दादा

मिनिटं घालून पाठवलं तर माणूस दुखावेल. गावातलं गावात राहायचं असतं. प्रश्न तेवढे पाठवा.

टिळकवाडी_निवृत्त

मी तर पूर्ण पाठवेन. चांगल्या माणसाला त्याचंच बोलणं वाचून बरं वाटतं, चुकलं असेल तर दुरुस्तही करतो. पण ते तुमच्या ओळखीचे आहेत, तुम्ही ठरवा.

एक प्रश्न मात्र यादीत सगळ्यात वर घाला. त्यांच्याकडे नोंदणी कसली आहे? सेबीकडे नोंदलेल्या सल्लागाराचा क्रमांक INA ने सुरू होतो, फी ते आपल्याकडून घेतात. म्युच्युअल फंड वितरकाचा क्रमांक ARN ने सुरू होतो, त्यांना कमिशन कंपनीकडून मिळतं. दोन्ही कायदेशीर आहेत. पण आपण ४२ मिनिटं सल्ला ऐकला की विक्री, हे त्या क्रमांकावरून कळेल. सेबीकडे नोंदलेला सल्लागार आहे का, ते सेबीच्या संकेतस्थळावर नाव घालून तपासता येतं.

शहापूरचा_विणकर

त्यांच्या कार्डावर काय लिवलंय बघा, तिथंच असतंय नंबर.

मलप्रभाकाठ

बघितलं काका. कार्डावर नावाखाली "गुंतवणूक सल्लागार" आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ARN.

प्रश्न तेवढे आज पाठवले, मिनिटं न घालता. बाबांना तसंच हवं होतं. तासाभराने उत्तर आलं: साठ वयाचं विवरण काढून शनिवारी घेऊन येतो, फंड रेग्युलर आहे. एक्झिट लोडबद्दल "बघून सांगतो". ६,००० चालू ठेवायचे की थांबवायचे, त्याला उत्तर नाही आलं.

बाबांनी टिपण घडी घालून डायरीत ठेवलं आहे, आणि उत्तर न आलेल्या त्या प्रश्नाखाली पेनाने रेघ मारली आहे. विवरण हातात आलं की इथे आकडा लिहिते. दरम्यान सोसायटीतले पैसे कुठे हलवावेत यावर आई आणि बाबांचं अजून एकमत झालेलं नाही.